‘जेवलीस का?’ कुणी विचारलं, कसं विचारलं

गेल्या महिन्यात आपण बचत गटाच्या मालाचे फोटो मोबाइलवर कसे काढायचे ते पाहिलं. आज मोबाइलचाच विषय आहे, पण जरा वेगळा. लाडीगोडीचे मेसेज. दोन-तीन अक्षरांत, आकड्यांत नाहीतर एखाद्या चित्रात जे सूचकपणे बोललं जातं, ते. हसू नका. या विषयापायी आमच्या एका गटाच्या तांदळाच्या ऑर्डरी दोन महिने बंद पडल्या होत्या, म्हणून मी हे बोलायला बसले आहे.

झालं असं. आमच्या आजरा भागातला घनसाळ तांदूळ तुम्हाला माहीत आहेच. गटातली एक सखी त्याच्या ऑर्डरी बघते. घरात चांगला मोबाइल एकच, तो कधी नवऱ्याकडे, कधी तिच्याकडे. गोव्यातल्या एका दुकानाला तिने तीस किलो तांदूळ पाठवला. माल पोचल्यावर रात्री उत्तर आलं, ‘Dev borem korum. Mog asundi’, आणि पुढे लाल बदाम. मोबाइल त्या वेळी नवऱ्याच्या हातात होता. नंबर ‘गोवा ऑर्डर’ म्हणून साठवलेला, त्यामुळे पाठवणारा बाप्या की बाई ते कळायला मार्ग नाही. शेजारी एकजण गोव्यात कामाला जाऊन आलेला. त्याला विचारलं, ‘मोग म्हणजे काय रे?’ तो म्हणाला, ‘मोग म्हणजे प्रेम.’ झालं. मोबाइल नवऱ्याच्या खिशात गेला, सखीचं बैठकीला येणं थांबलं, आणि गोव्याहून आलेले पुढचे तीन मेसेज कुणी उघडलेसुद्धा नाहीत.

शेजाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. कोकणीत मोग म्हणजे प्रेमच. पण ‘मोग आसूं दी’ हे निरोप घेताना म्हणायचं वाक्य आहे. प्रेम असू द्या, लोभ असू द्या. आपले आजोबा पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहायचे, अगदी त्याच जागेचं. आणि ‘देव बरें करूं’ म्हणजे देव तुमचं भलं करो, तिकडचं आभार मानणं. इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं म्हणून आपल्याकडच्यांना ते पोराटोरांचं चॅटिंग वाटलं. पण गोव्यात, विशेषतः ख्रिस्ती समाजात, कोकणी रोमन अक्षरात लिहायची रीत मोबाइलच्या कितीतरी आधीची, पोर्तुगीज काळापासूनची आहे. मी त्या सखीच्या घरी बसूनच गोव्याला फोन लावला, स्पीकर सुरू करून. पलीकडून साठीच्या बाईंचा आवाज आला. ‘अगे बाय, तांदूळ कित्याक धाडूंक ना?’ तांदूळ का पाठवला नाहीस, एवढंच त्या विचारत होत्या.

नवरा काही बोलला नाही. उठून गोठ्यात गेला.

त्या रात्री मला वाटलं, आपण या खुणा वाचायला शिकलो नाही तर दोन्ही बाजूंनी फसणार. साध्या मेसेजचा संशय घेणार, आणि ज्याचा घ्यायला हवा तो साधा म्हणून सोडून देणार. दुसऱ्या प्रकारचंही उदाहरण आमच्याच भागात घडलं आहे, ते पुढे सांगते. आधी या खुणा आल्या कुठून ते बघू, म्हणजे त्या वाचायला सोप्या जातील.

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडे बटणांचा मोबाइल होता. व्हॉट्सअॅप नव्हतं, एसेमेस होते. त्या एका एसेमेसात इंग्रजी लिपीतली एकशेसाठ अक्षरं मावायची. मराठी लिपीत लिहिलं की सत्तरच मावायची, पुढे गेलं की दुसऱ्या मेसेजचे पैसे. बऱ्याच मोबाइलांवर मराठी अक्षरं दिसायचीच नाहीत, नुसते चौकोन उमटायचे. म्हणून आम्ही मराठीच लिहायचो, पण इंग्रजी अक्षरांत आणि तीही गाळून गाळून. ‘मग’चं mg, ‘काय करतेस’चं ky krtes, ‘गुड नाइट, स्वीट ड्रीम्स, टेक केअर’ एवढ्या लांब शेपटाचं gn sd tc. दिवाळीला आणि नव्या वर्षाला मेसेजचं पॅक चालायचं नाही, पूर्ण पैसे कापायचे. त्या दिवशी आमच्या होणाऱ्या मालकांचा मेसेज नुसता hmm आला आणि मी दोन दिवस रुसून बसले. आता कारण सांगायला बरं वाटतं, तेव्हा नव्हतं वाटत.

पुढे मेसेज फुकट झाले, पण ती गाळलेली अक्षरं राहिली. कारण त्यांचा दुसरा उपयोग तोवर कळला होता. घरातल्या मोठ्यांना ती वाचता येत नाहीत. आणि वाचता आली तरी ‘मी तसं म्हटलंच नव्हतं’ असं म्हणायला वाट राहते. लाडीगोडीच्या भाषेला ही पळवाट लागतेच. सरळ विचारलं आणि समोरचीने नाही म्हटलं तर मान खाली जाते. सूचक विचारलं तर दोघांनाही हसून विषय बदलता येतो. म्हणून जगात कुठेही बघा, ही भाषा आडून बोलते. आता आडून बोलायचं तर आड कशाच्या, ते मात्र प्रत्येक भाषेचं वेगळं.

आकड्यांचंच बघा. आपल्याकडच्या पोरांच्या वह्यांवर, रिक्षांच्या मागे 143 लिहिलेलं असतं. ‘आय लव्ह यू’ या तीन इंग्रजी शब्दांची अक्षरं मोजली की एक, चार, तीन. चिनी मुलं मात्र 520 पाठवतात. त्यांनी अक्षरं मोजलेली नाहीत, आवाज जुळवला आहे. पाच-दोन-शून्य चिनी भाषेत घाईने म्हटलं की ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ या वाक्यासारखं ऐकू येतं. म्हणून मे महिन्याची वीस तारीख, म्हणजे पाचव्या महिन्याचा विसावा दिवस, तिकडे प्रेमिकांचा दिवस झाला आहे. आपल्या पोरीला कुणी 520 पाठवलं तर ती किंमत समजेल, आणि चिनी मुलीला 143 पाठवलं तर तिला काहीच बोध होणार नाही. थायलंडमध्ये पाचला ‘हा’ म्हणतात, म्हणून 555 म्हणजे हाहाहा, नुसतं हसणं. स्पॅनिश लोक jajaja लिहितात, तेही हसूच, कारण त्यांच्या भाषेत त्या जे अक्षराचा उच्चार ‘ह’च्या जवळचा आहे. आपण वाचलं तर ‘जा जा जा’. हसणाऱ्याला वाटेल आपण रागावलो.

एकदा बैठकीत गंमत म्हणून आम्ही ‘मी तुझ्यावर प्रेम करते’ची अक्षरं मोजली. एक, चार, दोन, तीन. पण 1423 कुणी कुणाला पाठवत नाही. एक आजी म्हणाल्या, ‘आमच्यात असं म्हणत्यात व्हय कोण?’ खरं आहे. मराठीत ‘प्रेम करते’ हे नाटकातलं वाक्य वाटतं. म्हणून पोरं ते वाक्य इंग्रजीतून उसनं घेतात, इंग्रजीत ते हलकं होतं.

मग मराठीत आडून बोलायचं कशाच्या? जेवणाच्या. ‘जेवलीस का?’ यावरचे विनोद तुम्ही मोबाइलवर पाहिले असतील. पोरगा रात्री मेसेज करतो jvlis ka, आणि पोरींना लगेच कळतं की गाडी कुठल्या रस्त्याला लागली. जेवणाची चौकशी निवडली जाते, कारण ती कुणीही कुणालाही करतं. आई करते, शेजारीण करते. कुणी पकडलं तर ‘जेवलीस का एवढंच विचारलं की’ असं म्हणता येतं. आणि हे आपल्यातच आहे असं नाही. तमिळ पोरं saptiya विचारतात, म्हणजे जेवलीस का, आणि त्यांच्यातही त्यावर असेच विनोद आहेत. आपल्या सीमेपलीकडे कन्नडमध्ये ‘ऊटा आयता’, जेवण झालं का, हा तर रोजचा रामराम आहे. दुपारी भेटलेल्या कुणालाही विचारतात.

आता इथे जरा थांबा, कारण आजच्या बोलण्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट इथे आहे. कन्नडच्या ‘ऊटा आयता’मध्ये जेवण झालं की नाही एवढंच आहे. विचारलं कुणाला, बाईला की बाप्याला, थोरल्याला की बरोबरीच्याला, ते त्या शब्दांत नाही. हिंदीतल्या ‘खाना खा लिया?’मध्येही नाही. तमिळच्या saptiya मध्ये ‘तू’ आहे, म्हणजे जवळीक कळते, पण बाई की बाप्या ते कळत नाही. मराठीत मात्र शब्दाच्या शेपटात सगळंच बसलेलं आहे. ‘जेवलीस’ म्हटलं की समोर बाई आहे आणि तिला ‘तू’ म्हटलं आहे. ‘जेवलात का’ म्हटलं की आदर आला, अंतर आलं. आणि ‘जेवण झालं का’ म्हटलं की ना तू, ना तुम्ही, कन्नडसारखं मोकळं. तीन वाक्यांचा अर्थ एकच, पण त्यातलं कुठलं निवडलं यावरून माणूस तुमच्यापासून किती अंतरावर उभा आहे ते समजतं. म्हणून मी सख्यांना सांगते, मराठी मेसेज वाचताना चित्राकडे नंतर बघा, आधी शेपूट बघा. कालपर्यंत ‘जेवण झालं का ताई’ म्हणणारा आज ‘जेवलीस का’ म्हणत असेल तर काहीतरी सरकलं आहे. सासऱ्यांनी, मोठ्या दिराने, माहेरच्या भावाने ‘जेवलीस का’ म्हटलं तर काहीच सरकलेलं नाही, ते पहिल्यापासून तसंच म्हणत आले आहेत. शब्द काय आहे यापेक्षा तो कुठून कुठे सरकला, हे बघायचं.

कानडी मुलखातल्या व्यापाऱ्याचा oota aytha असा मेसेज आला तर तो शक्यतो रामराम समजा. त्याच व्यापाऱ्याने मोडक्या मराठीत ‘जेवलीस का’ लिहिलं तरी लगेच रागावू नका. आपल्या मराठीत तू कधी आणि तुम्ही कधी, हे त्याला नीट ठाऊक असेलच असं नाही. हिंदी बोलणाऱ्यांचंही तसंच होतं.

लाडाच्या नावांतही ही गल्लत होते. मला एक गंमत नेहमी वाटते की इतक्या भाषांनी लाडाला सोनंच निवडलं आहे. आपलं सोनू आणि सोन्या, बंगाल्यांचं शोना म्हणजे सोनंच, तेलुगूतलं बंगारम म्हणजे सोनं, कन्नडमधलं चिन्न म्हणजेही सोनं. पण हेच ‘चिन्न’ तेलुगूत आणि तमिळमध्ये गेलं की त्याचा अर्थ होतो लहान, धाकटं. म्हणजे बेळगावच्या पोराने कुणा मुलीला chinna लिहिलं तर तो लाडात आला आहे, आणि हैदराबादकडच्या ताईने तुमच्या मुलीला तेच लिहिलं तर ती ‘बाळ’ म्हणते आहे. आपल्याकडचं ‘पिल्लू’ घ्या. आई पोराला म्हणते, प्रेमात पडलेली पोरं एकमेकांना म्हणतात, आणि मराठी न येणाऱ्याला ते कोंबडीचं पिल्लू असं सांगितलं तर तो चक्रावून जातो. इंग्रजी ‘डियर’चंही तसंच झालं आहे. इंग्रजी पत्राची सुरुवातच त्याने होते, बँकसुद्धा आपल्याला डियर कस्टमर म्हणते. पण अनोळखी माणसाच्या मेसेजात hii dear असं आलं, त्यातही एच पुढचे आय वाढत चालले, की तो बँकेचा डियर राहत नाही. आणि आपल्यापैकी कुणाची मुलगी इंग्लंडात कामाला असेल तर तिला सांगून ठेवा. तिथे मेसेजच्या शेवटी x लिहितात. तो पापा असतो, पण मैत्रीण, बहीण, कामावरची ओळखीची बाईसुद्धा सहज लिहून टाकते. आपल्याला वाटतं गुरुजींनी फुली मारली.

शेपटाबद्दल अजून एक. काही पोरी मला विचारतात, इन्स्टाग्रामवर मुलीच्या नावाने कुणी बोलतंय, ती खरी मुलगी आहे का कसं ओळखायचं? मराठीत बोलत असेल तर क्रियापद बघा, असं पूर्वी मी सांगायचे. मुलगी ‘मी करते’, ‘मी आले’ म्हणणार. बाप्या लपून बोलत असेल तर कधीतरी घाईत ‘करतो’, ‘आलो’ निघून जातं. हे खरं आहे, पण आपल्या कोल्हापूर भागात हा नियम आपटतो. आपल्याकडच्या कितीतरी बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. माझी थोरली जाऊ मला मेसेज करते, ‘mi ST t basli nahi ajun, udya yeto’. बघा, ‘बसली’ आणि ‘येतो’ एकाच ओळीत. पुण्याच्या मुलीला वाटेल हा कुणी बाप्या आहे. त्यामुळे या एकाच खुणेवर कुणाला खोटं ठरवू नका. आणि अक्षरं गाळली की शेपूटच उडतं. jvls ka असं लिहिलं तर जेवलास की जेवलीस, देव जाणे.

आता चित्रांकडे येऊ. या चित्रांना इमोजी म्हणतात. तो जपानी शब्द आहे, ए म्हणजे चित्र आणि मोजी म्हणजे अक्षर. तिथल्या एका मोबाइल कंपनीने १९९९ मध्ये अशी १७६ बारकी चित्रं काढली होती आणि पुढे २०१० च्या सुमारास ती जगभरच्या मोबाइलांत सारखी दिसतील अशी व्यवस्था झाली. चित्र सगळीकडे एकच गेलं, अर्थ मात्र ज्याने त्याने आपापला लावला. आपण जे हात जोडलेले चित्र नमस्कार म्हणून टाकतो, ते जपानात ‘कृपा करा’, ‘आभारी आहे’ अशा अर्थाने वापरतात.

वांग्याचं सांगायलाच हवं, कारण आपल्या भाजीवाल्या सख्यांचा त्याच्याशी रोजचा संबंध आहे. मोबाइलातलं वांगं लांबडं आहे, जपानी जातीचं. अमेरिकेकडच्या पोरांनी त्याच्या आकारावरून ते पुरुषाच्या अंगाची खूण म्हणून वापरायला सुरुवात केली, आणि पीच नावाच्या फळाचं चित्र ढुंगणाची खूण म्हणून. हे इतकं वाढलं की २०१५ मध्ये इन्स्टाग्रामने वांग्याच्या चित्रावरून फोटो शोधायची सोयच बंद केली. आपल्या गावात हे सांगितलं तर बायका तोंडाला पदर लावतात आणि मग विचारतात, ‘पण आपलं वांगं तर गोल असतंय की!’ तेच तर. भरल्या वांग्याच्या मुलखात ही खूण निपजली नसती. पण शहरातल्या कॉलेजच्या पोरांपर्यंत ती आली आहे. म्हणून भावाची यादी पाठवताना एकट्या गिऱ्हाइकाला नुसतं वांग्याचं चित्र टाकू नका. ‘वांगी ६० रुपये किलो’ असं लिहून शेजारी चित्र टाकलं तर काही अडचण नाही, शब्द असला की चित्र जागेवर राहतं. आमच्या एका सखीने सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सकाळी दोन वांगी आणि एक डोळा मारणारा चेहरा पाठवला होता. तिला म्हणायचं होतं, ताजी आहेत, लवकर या. दिवसभर तिला कळेना की लोक हसतायत का.

लाल बदामाचंही तेच. बायका एकमेकींच्या नातवंडांच्या फोटोला सर्रास बदाम टाकतात. मैत्रिणी-मैत्रिणी परीक्षेच्या नोट्स मिळाल्या की luv u लिहितात, त्यात आईने घाबरण्यासारखं काही नसतं. तोच बदाम एखाद्या पुरुषाने तुमच्या मालाच्या फोटोला ग्रुपवर टाकला तर तो मालाला आहे. तुमच्या स्वतःच्या फोटोला, ग्रुपबाहेर, एकटीला पाठवला तर त्याची जागा बदलली.

आता ती दुसरी गोष्ट. शेजारच्या तालुक्यातला एक गट नाचणीचे पापड करतो. त्यांना खोके पुरवणारा एक तरुण होता. हिशेब बघणाऱ्या सखीने मला तिच्या मोबाइलवरचे चार महिन्यांचे मेसेज दाखवले. सुरुवातीचे सगळे दिवसा, गटाच्या ग्रुपवर, मराठी अक्षरात. ‘ताई, खोके तयार आहेत.’ मग एकदा रात्री साडेनऊला तिच्या एकटीच्या नंबरवर, ‘ताई, उद्या गाडी येईल. जेवण झालं का?’ तिने हो म्हटलं. दोन आठवड्यांनी ‘ताई’ गळालं. ‘जेवण झालं का?’ पुढे मराठी अक्षरं जाऊन इंग्रजी आली, jvlis ka. तिने उत्तर दिलं नाही तर दहा मिनिटांनी bol na. मग ragavlis ka आणि जीभ काढलेला चेहरा. वेळ साडेनऊची अकरा झाली. या सगळ्यात एकही बदाम नाही, एकही वावगा शब्द नाही. ती मला म्हणाली, ‘मॅडम, दाखवू कुणाला? दाखवलं तर म्हणतील जेवलीस का एवढंच तर विचारलंय.’

तिच्या मेसेजांची मी तारीखवार ओळ लावली तेव्हा काय काय सरकलं ते उघड दिसलं. ग्रुपवरून एकटीवर, दिवसावरून रात्रीवर, ताईवरून बिनताईवर, ‘झालं का’वरून ‘जेवलीस’वर, आणि शेवटी तो ‘ना’. ‘बोल’ म्हटलं तर ते काम असतं, ‘बोल ना’ म्हटलं की हट्ट सुरू होतो. यातलं एखादं सरकलं तर मी काही म्हटलं नसतं. गाडी रात्री सुटते, माणूस रात्रीच कळवणार. पाचही एकाच दिशेला सरकली होती.

तिला हे नको होतं. हवं असतं तर तो तिचा प्रश्न होता, माझा नाही. नको असेल तर काय करायचं ते आम्ही बसून ठरवलं. शिवी नाही, भांडण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिने मराठी अक्षरात लिहिलं, ‘दादा, खोक्यांचं बोलणं यापुढे गटाच्या ग्रुपवर करूया. रात्रीचे मेसेज नकोत.’ म्हणजे त्याने जे जे सरकवलं होतं ते तिने एकेक करून जागेवर आणून ठेवलं. लिपी परत मराठी, वेळ परत दिवसाची, ‘दादा’ परत आला, जागा परत ग्रुपची. आणि शेवटी नकार स्पष्ट शब्दांत, कारण सूचक बोलण्याला सूचक उत्तर दिलं तर ते खेळ समजतात. पूर्वी ती चिडून नुसतं hmm पाठवायची. तिच्या मते तो नकार होता, त्याला ती ‘पुढे बोल’ अशी खूण वाटली असावी.

मेसेज पुसायचे नाहीत, हेही तिला सांगितलं. बायका घाबरून आधी ते पुसतात, आणि मग ओळ लावायला काही उरत नाही. ज्यावर तारीख आणि वेळ दिसते असे फोटो तिने मोबाइलच्या पडद्याचे काढून ठेवले आणि एक प्रत गटाच्या अध्यक्षांकडे दिली. बाईने नको असं स्पष्ट कळवल्यावरही एखादा पुरुष मोबाइलवरून वारंवार मागे लागत राहिला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. मेसेजात अश्लील काही असावंच लागतं असं नाही. म्हणून तो ‘नको’ शब्दात लिहिलेला असणं महत्त्वाचं. मदतीला १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

तिथपर्यंत जावं लागलं नाही. त्याने दोन दिवस काही लिहिलं नाही, मग ग्रुपवर आलं, ‘ताई, पुढचे खोके सोमवारी.’ तो व्यवहार अजून चालू आहे. तिने मला विचारलं होतं, खोकेवाला बदलायचा का. गटाने ठरवलं की दर चांगला आहे, खोके चांगले आहेत, पण हिशेबाचे मेसेज आता दोघींच्या मोबाइलवर जातील.

आणि गोव्याच्या बाईंची ऑर्डर गणपतीआधी आली, पन्नास किलोची. खाली नेहमीसारखं Mog asundi. या वेळी मोबाइल सखीच्या सासूबाईंच्या हातात होता. त्यांनी नातवाकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, ‘तिला आपलं बी कायतरी लिव्ह की.’ नातवाने विचारलं, काय लिहू? म्हातारी जरा थांबली आणि म्हणाली, ‘विचार, जेवलीस का म्हणून.’